वजन कमी करताना डबा कसा निवडायचा: मेनू नको, किराणा विचारा

डब्याची चौकशी करताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो मेनूचा. सोमवारी काय, बुधवारी काय, शनिवारी गोड असतं का. वजन उतरवायचं असेल तर या माहितीचा फारसा उपयोग होत नाही. ‘फ्लॉवरची भाजी, वरण, भात, चार पोळ्या’ असा मेनू दोन घरांतून येतो आणि एक डबा साडेसहाशे कॅलरींचा भरतो, दुसरा हजाराच्या घरात जातो. कागदावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. फरक असतो कढईत पडलेल्या तेलात, पोळीच्या वजनात आणि आमटीत डाळ किती आणि पाणी किती यात. ही माहिती मेनूतून मिळत नाही, पण डबा करणाऱ्या काकूंना ती तोंडपाठ असते, कारण किराणा त्याच भरतात.

रोज एक जेवण बाहेरून येतं आणि घरी रांधायला वेळ नाही, अशांसाठी हे लिहितेय. भर महिन्याच्या डब्यावर आहे, कारण तोच रोज येतो. थाळी आणि ऑनलाइन मागवलेलं जेवण त्याच्या मागे येतील. आधी एक गोष्ट सांगून ठेवते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खालचे आकडे स्वतःला लावण्याआधी डॉक्टरांशी बोला. पोळ्या-भात अचानक कमी केला आणि गोळी तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आधी आपला आकडा

उदाहरण म्हणून एक जण घेऊ. वय 36, वजन 72 किलो, उंची 158 सेंटिमीटर, बाई, दिवसभर खुर्चीत बसून काम, संध्याकाळी थोडं चालणं. वजन आहे तिथेच ठेवायला तिला दिवसाला साधारण 1900 कॅलरी लागतील. त्यातून चारशे वजा केल्या की 1500 उरतात. याहून मोठी कात्री लावली की दोन आठवड्यांत भूक माणसाला सामोशापाशी नेऊन उभी करते, म्हणून तीनशे ते पाचशेच्या मधली तूट बरी.

दुसरा आकडा प्रोटीनचा. धडधाकट माणसासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅमची आहे, पण ती वजन स्थिर असलेल्यांसाठी. खाणं कमी करताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे 1.2 ग्रॅमच्या खाली जाऊ नये. म्हणजे या बाईंना दिवसाला 85 ग्रॅमच्या आसपास. दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण दुपारचा डबा असेल, तर त्यातून सहाशेच्या आसपास कॅलरी आणि निदान 28 ग्रॅम प्रोटीन यायला हवं. डबा पारखायचा तो या दोन आकड्यांवर. बाकी कोशिंबीर, लोणचं, पापड यांचा विचार नंतर.

डबा करणाऱ्यांना विचारायचे तीन प्रश्न

फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटून, शक्यतो दुपारी तीननंतर, डबे निघून गेल्यावर विचारा. सकाळी दहाला फोन केलात तर कोणीही तुटकच बोलेल.

पहिला प्रश्न: काकू, तेलाचा पंधरा लिटरचा डबा तुम्हाला किती दिवस पुरतो आणि रोज किती डबे जातात? ‘तेल कमी वापरता का’ असं विचारलं तर उत्तर कायम ‘हो, अगदी घरच्यासारखं’ असंच येतं. तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे मात्र त्या सहज सांगतात, कारण तो त्यांचा खर्च आहे. समजा उत्तर आलं, ‘चाळीस डबे जातात, बारा दिवस पुरतो.’ बारा दिवसांत 480 डबे. पंधरा लिटर तेलाचं वजन साडेतेरा किलोच्या थोडं वर. भागाकार केला की एका डब्याच्या वाट्याला 28 ग्रॅम तेल येतं. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे अडीचशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहाराच्या ताटात 2000 कॅलरींच्या पूर्ण दिवसासाठी तेलतूप धरलं आहे 27 ग्रॅम. म्हणजे दिवसाचं तेल दुपारच्या जेवणातच संपलं. पण लगेच ‘ही काकू नको’ म्हणू नका, महिन्याच्या डब्यात हे प्रमाण काही विशेष जास्त नाही. ते माहीत असणं महत्त्वाचं. त्यांच्याकडे तळणीचं कामही चालत असेल, दिवाळीचा फराळ किंवा कचोऱ्या, तर हिशोब फुगेल. तसं आहे का, तेवढं विचारून घ्या.

दुसरा प्रश्न: एक किलो कणकेच्या किती पोळ्या होतात? हेही प्रत्येक पोळ्या करणाऱ्या बाईंना ठाऊक असतं. छत्तीस झाल्या तर पोळीत 28 ग्रॅम पीठ, सुमारे 95 कॅलरी. पंचवीसच होत असतील तर पोळीत 40 ग्रॅम पीठ, 135 कॅलरी. चार पोळ्यांत हा फरक दीडशेच्या वर जातो, आणि हे अजून तेल लावायच्या आधीचं. ‘मी तर फक्त चार पोळ्या खातो’ म्हणणाऱ्याचं वजन का हलत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: चाळीस डब्यांच्या वरणाला डाळ किती लावता? ‘पाऊण किलोला थोडी कमी, सातशे ग्रॅम’ असं उत्तर आलं तर माणशी साडेसतरा ग्रॅम कोरडी डाळ. डाळीत बावीस-चोवीस टक्के प्रोटीन असतं, म्हणजे वाटीभर वरणातून मिळतं चार ग्रॅम. ‘वरण रोज असतं, म्हणजे प्रोटीन मिळतंच’ ही समजूत या एका भागाकारात उतरते. उसळीच्या दिवशी दीड किलो मटकी भिजत असेल तर तोच आकडा आठ-नऊ ग्रॅमपर्यंत जातो. म्हणून आठवड्यातून कितीदा उसळ असते, हे जाताजाता विचारून ठेवा. मेनूतली विचारण्यासारखी गोष्ट असली तर ही.

ज्यांच्याकडून या तिन्हींची उत्तरं चटकन आली, ते स्वयंपाकघर मापात चालतं असं समजायला हरकत नाही. ‘अंदाजानं टाकतो’ हे उत्तर मला खटकतं. चवीला तो डबा सुंदर असेलही, पण सोमवारचा आणि गुरुवारचा सारखा नसेल. वजन उतरवताना थोडा जास्त कॅलरींचा पण रोज तेवढाच भरणारा डबा हा अंदाजपंचे डब्यापेक्षा कधीही बरा. पहिल्यातून नेमकं काय काढायचं हे कळतं. दुसऱ्यात दर दिवशी नव्याने अंदाज बांधावा लागतो.

पहिला आठवडा तराजूवर

महिन्याचे पैसे आगाऊ भरू नका. एक आठवडा रोजच्या दराने घ्या, थोडे जास्त पडले तरी चालतील. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. ऑफिसात काढायचा संकोच वाटत असेल तर घरी मागवा, किंवा रिकाम्या डब्यांची वजनं आदल्या दिवशी घेऊन ठेवा आणि भरलेले डबे जेवणाआधी बाजूला जाऊन मोजा. पाच दिवस पुरे.

प्रत्येक डबा वेगळा मोजायचा: पोळ्या, भात, भाजी, आमटी. शिजलेल्या पोळीत पाणी असतं, त्यामुळे 38 ग्रॅमच्या पोळीत पीठ साधारण 28 ग्रॅम निघतं. काकूंनी सांगितलेला आकडा जुळतो का ते इथे कळेल. शिजलेल्या साध्या भाताच्या 100 ग्रॅमला 130 कॅलरी धरा.

भाजीतलं तेल पाहण्यासाठी घरगुती उपाय आहे. भाजी स्टीलच्या ताटलीत पसरा, ताटलीच्या एका बाजूखाली चमचा ठेवून ती तिरकी करा आणि दहा मिनिटं थांबा. खालच्या कडेला तेल साचलं तर चहाच्या चमच्याने उचलून पाहा. पूर्ण चमचा भरला तर चार-साडेचार ग्रॅम तेल नुसतं सुटलेलंच आहे, आणि भाजीने प्यायलेलं त्याहून जास्त. बटाटा, वांगं, भेंडी बरंच तेल पोटात ठेवतात. पालेभाजी आणि दुधी ते सोडून देतात. त्यामुळे तिरक्या ताटलीत वांग्याने तेल दाखवलं नाही म्हणून ती भाजी हलकी ठरत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या डब्याचा मंगळवार असा भरला. चार पोळ्या, प्रत्येकीत 28 ग्रॅम पीठ आणि वरून दोनेक ग्रॅम तेल, मिळून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन. दीडशे ग्रॅम भात, 195 कॅलरी आणि 4 ग्रॅम. आमटीची वाटी, डाळ साडेसतरा ग्रॅम आणि फोडणीचं तेल पाच ग्रॅम, 105 कॅलरी आणि 4 ग्रॅम. फ्लॉवर-बटाट्याची सुकी भाजी 110 ग्रॅम, त्यात बारा ग्रॅम तेल, 170 कॅलरी आणि जेमतेम 2 ग्रॅम. बेरीज 920 कॅलरी, प्रोटीन 22 ग्रॅम.

तेलाची बेरीज आठ, पाच आणि बारा, म्हणजे पंचवीस. काकूंच्या पंधरा लिटरच्या डब्यावरून 28 आले होते. दोन वाटांनी काढलेला आकडा इतका जवळ आला की मोजमापावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोहोंत मोठी तफावत आली, तर एकतर डब्यांची संख्या चुकीची सांगितली गेली आहे किंवा तळण वेगळं चालतं.

आठवड्यातला एक दिवस मात्र सरासरीत धरू नका, तो वेगळा लिहून ठेवा. चतुर्थी किंवा एकादशीला साबुदाण्याची खिचडी येते. भरलेला डबा सहज पाचशे-सहाशे कॅलरींचा असतो आणि त्यातलं प्रोटीन दाण्याच्या कुटाइतकंच. उपवासाचं म्हणून हलकं, हा हिशोब इथे चालत नाही. त्या दिवशी अर्धी खिचडी आणि मोठी वाटीभर दही, असा सरळ बदल करा.

काय बदलता येतं, काय नाही

आता डबा 920 वरून सहाशेच्या आसपास आणायचा आणि प्रोटीन 22 वरून 28 वर न्यायचं. इथे बहुतेक जण काकूंना म्हणतात, ‘माझ्या भाजीत तेल कमी घाला.’ हे होत नाही. त्यात त्यांचा दोषही नाही. चाळीस डब्यांची भाजी एका कढईत होते, तुमच्यासाठी वेगळी कढई चढणार नाही. दोन दिवस त्या आठवणीने वरचं तेल निथळून घालतील, तिसऱ्या दिवशी विसरतील आणि तुमचा हिशोब पुन्हा डळमळेल.

बदल मागायचा तो डबा भरतानाच्या टप्प्यावरचा. तिथे कोणता डबा कोणाचा हे वेगळं केलेलंच असतं, एखादा मधुमेहाचा, एखादा जैनांचा. म्हणून असं सांगा: ‘काकू, माझ्या डब्यात पोळ्या दोनच द्या, तेल न लावता. भात अजिबात नको. पैसे तेच ठेवा, फक्त उसळीच्या दिवशी भाताच्या डब्यातही उसळ भरा.’ यातली प्रत्येक गोष्ट भरताना करता येते. तेल लावण्याआधी दोन पोळ्या बाजूला ठेवणं सोपं आहे. आणि पैसे तेच म्हटल्यावर नाराजीही उरत नाही. पैसे कमी करून मागितले की डबा हळूहळू आटतो, आणि पहिली आटते ती डाळ.

काही जण म्हणतात, भात येऊ दे, मी खाणार नाही. तो समोर उघडा असतो, दीड वाजता मीटिंग लांबलेली असते, आणि भात खाल्ला जातो. डब्यात न येणं हाच खात्रीचा उपाय.

उरलं प्रोटीन. ते डब्यातून काढायचा हट्ट सोडा, स्वतः आणा. दोन उकडलेली अंडी आणि तिसऱ्याचा फक्त पांढरा भाग, असे 160 कॅलरींत 16 ग्रॅम मिळतात. सकाळी चहा होईपर्यंत ती उकडून होतात. अंडी चालत नसतील तर सोयाचे चंक्स कोरडे 25 ग्रॅम मोजून उकडा, दोनदा पाणी बदलून घट्ट पिळा, आणि मीठ-लिंबू लावून कोशिंबिरीत घाला. 85-90 कॅलरींत 13 ग्रॅम प्रोटीन मिळतं. पनीरही चालेल, पण ते मोजूनच. साठ ग्रॅम पनीरमधून 11 ग्रॅम मिळतं आणि कॅलरी पावणेदोनशेच्या आसपास जातात, कारण पनीरमध्ये प्रोटीनपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. पनीर म्हणजे प्रोटीन असं समजून वाटी भरून खाणारे इथेच अडकतात. दही साथीला छान, पण शंभर ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता तोच मंगळवार पुन्हा मांडू. दोन कोरड्या पोळ्या 190 कॅलरी आणि 6 ग्रॅम. भाजी आहे तशीच, 170 आणि 2. आमटी आहे तशीच, 105 आणि 4. दोन अंडी आणि एक पांढरा, 160 आणि 16. एकूण 625 कॅलरी, 28 ग्रॅम. काकूंच्या कढईला हात न लावता तीनशे कॅलरी कमी झाल्या आणि प्रोटीन वाढलं. उरलेल्या 875 कॅलरींत 57 ग्रॅम प्रोटीन नाश्ता, संध्याकाळचं खाणं आणि रात्रीच्या जेवणातून आणायचं, ते जमण्यासारखं आहे. सोबत काकडी, टोमॅटो, गाजर कापून न्या. त्याने पोट भरतं आणि चार वाजताची भूक पुढे सरकते. चार वाजता मूठभर फुटाणे, तीस ग्रॅम, आणि ताक.

‘डाएट टिफिन’ म्हणून मिळतात त्यांच्याबद्दल एवढंच: नाव पाहू नका, वर सांगितलेल्या दोन आकड्यांवर तेही तोला. डबा आकर्षक असतो, कोशिंबीर रंगीत असते, आणि कॅलरी खरंच कमी असतात. प्रोटीन मात्र बऱ्याचदा नेहमीच्या डब्याइतकंच निघतं. ‘150 ग्रॅम चिकन’ लिहिलं असेल तर कच्चं की शिजलेलं, हे विचारा. कच्चं दीडशे शिजून एकशे दहाच्या आसपास येतं. जिथे ग्रॅम लिहून देतात आणि काट्यावर ते खरे निघतात, तिथे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.

थाळीच्या दिवशी

कँटीनमध्ये किंवा ऑफिसजवळच्या खानावळीत राइस प्लेट घेतलीत तर दोन भाज्यांपैकी एक सहसा कडधान्याची असते: छोले, राजमा, मटकी, चवळी. तीच तुमची थाळी. वाढणाऱ्याला आधीच सांगा की भाताऐवजी कडधान्याची आणखी एक वाटी द्या, जास्तीचे पैसे लागले तर द्या. पुऱ्या असतील तर चपाती मागा आणि तूप न लावता आणायला सांगा. गोडाची वाटी टेबलावर येण्याआधीच परत पाठवा किंवा समोरच्याला द्या.

पनीरची भाजी असेल तर तुकडे मोजा. वाटीत चार-पाच तुकडे असतात, मिळून पन्नासेक ग्रॅम, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन. ते खा आणि रस्सा वाटीतच राहू द्या, कारण काजू, साय आणि लोणी तिथे आहे. चपाती रश्शात बुडवून खाण्याची सवय ज्यांना आहे त्यांना हे जड जातं. मग सरळ दुसरी भाजी मागावी.

अमर्याद थाळी या काळात टाळा. खाणारा हावरट असतो म्हणून नव्हे. वाढपी दर तीन मिनिटांनी येतो, आणि कितीदा वाढलं याचा हिशोब कोणालाच राहत नाही.

रात्रीचं ऑनलाइन जेवण

इथे नुकसान होतं ते भुकेल्या पोटी यादी चाळताना. साडेनऊला घरी पोचलेला माणूस पंचवीस फोटो पाहतो, मोफत डिलिव्हरीच्या रकमेपर्यंत पोचायला एक स्टार्टर वाढवतो, आणि एका जेवणाची दोन होतात. यावर मला एकच उपाय माहीत आहे: रविवारी, पोट भरलेलं असताना, तीन ऑर्डरी ठरवून त्या ॲपमध्ये आवडत्या म्हणून ठेवायच्या. आठवड्यात मागवायचं ते त्यातलंच.

अशा तीन कोणत्या असाव्यात? एक, अर्धी तंदुरी चिकन, वरून लोणी नको, सोबत एक तंदुरी रोटी बिनलोण्याची आणि कांदा-लिंबू. हाडं वगळून दीडशे-दोनशे ग्रॅम मांस मिळतं, म्हणजे चाळीसहून जास्त ग्रॅम प्रोटीन, आणि कॅलरी पाचशेच्या आत-बाहेर. दोन, तीन अंड्यांची भुर्जी आणि दोन चपात्या. भुर्जीवाले तव्यावर लोणी सोडतात, म्हणून ‘लोणी नको, तेल एक चमचा’ असं सूचनेत लिहा. लिहिलेलं पाळलंय का हे कागदी पिशवीच्या तळावरून कळतं. तीन, शाकाहारींसाठी तंदुरी पनीर टिक्का आणि साधी दाल. टिक्क्याचे पाच-सहा तुकडे, दालीची अर्धी वाटणी, एक रोटी. उरलेलं आधीच डब्यात काढून फ्रिजमध्ये टाका, मग जेवायला बसा. जेवल्यावर उरवू म्हटलं की उरत नाही.

बिर्याणी वर्ज्य नाही, पण एकाची म्हणून येणारं पाकीट वजन करून पाहा. पाचशे ग्रॅमच्या पाकिटात सहज आठशे-नऊशे कॅलरी असतात आणि चिकनचे तुकडे दोन. ते दोन तुकडे आणि अर्धा भात आज, उरलेला भात उद्या नाश्त्याला दोन अंड्यांसोबत, तोही लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला तर फेका. त्यातले जंतू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

सॅलड मागवणाऱ्यांनी ड्रेसिंग वेगळं मागावं. दोन मोठे चमचे मेयोनेज म्हणजे दीडशे-दोनशे कॅलरी, आणि त्या पाल्याखाली दिसतही नाहीत.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी लिहाव्या लागतात. म्हणून प्रवासात किंवा अनोळखी शहरात साखळी हॉटेलातून मागवणं सोयीचं पडतं. मात्र तो आकडा ठरलेल्या कृतीचा असतो. जास्तीचं चीज, सॉस, पेय त्यात धरलेलं नसतं.

काटा काय सांगतो

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एकट्या दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, ते शरीरात पाणी धरून ठेवतं. रात्री थाळी खाल्ली आणि सकाळी काटा एक किलो वर गेला तर ती चरबी नव्हे, दोन-तीन दिवसांत उतरते. मासिक पाळीच्या आधीही असंच पाणी साठतं, म्हणून बायकांनी या महिन्यातल्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी.

दिवसाला चारशेची तूट खरी असेल तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरायला हवं. सलग तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर आणखी एक पोळी कमी करण्याआधी डबा पुन्हा तराजूवर ठेवा. अशा वेळी बऱ्याचदा स्वयंपाकघरात काहीतरी बदललेलं सापडतं. पोळ्या करणाऱ्या बाई गावी गेल्या आणि बदलीच्या बाई जाड लाटतात. डबे चाळीसचे साठ झाले आणि भाजीला नवा माणूस ठेवला. डाळ महागली म्हणून आमटी पातळ झाली, आणि भरपाईला भाजीत बटाटा वाढला. यातलं काहीही मेनूवर दिसत नाही. काकूंना सरळ विचारा, त्या सांगतात. ‘हो गं, नवीन मुलगी आहे, तिला सांगते’ असं उत्तर आलं तर आठवडाभराने पुन्हा मोजा.

उलट, वजन आठवड्याला एक किलोच्या वेगाने पडत असेल, केस गळत असतील, जिने चढताना पाय जड वाटत असतील, तर कात्री जास्त चाललीय. तिसरी पोळी परत आणा.

ठरलेलं वजन गाठल्यावर डबा एकदम पूर्वीसारखा करू नका. आधी तिसरी पोळी, दोन आठवडे सरासरी पाहा. स्थिर असेल तर अर्धी वाटी भात, पुन्हा दोन आठवडे. अंडी किंवा सोया मात्र चालूच ठेवा, कारण काकूंची आमटी तेव्हाही साडेसतरा ग्रॅम डाळीचीच असणार.